लेटेक्स सोडून नायट्रिल घेतलं, तरी हात खाजतातच? हातमोजे निवडण्याआधी हे तपासा

भांडी घासताना पिवळे रबरी हातमोजे वापरले की हात खाजतात. कुणीतरी सांगतं, लेटेक्सची ॲलर्जी असेल, निळे नायट्रिलचे घे. निळे आणले जातात, थोडे दिवस बरं वाटतं, आणि मग पुन्हा मनगटापाशी लाल पट्टा, बोटांच्या मागच्या बाजूला बारीक पुरळ आणि रात्री झोप उडवणारी खाज. माणूस दुसऱ्या कंपनीचे नायट्रिल आणतो, मग तिसऱ्या. मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सुरक्षा साहित्याच्या दुकानात काम करतो आणि ही तक्रार माझ्याकडे सतत येते. पोळीभाजी केंद्रं, कॅन्टीन, सोसायटीचे सफाई कामगार, गच्चीवर बाग करणारे, सगळ्यांकडून येते. मी डॉक्टर नाही, पण मोजा कशाचा बनतो आणि त्यातून काय बाहेर येतं हे मला माहीत आहे, आणि या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

मोज्याचं रबर आणि ते रबर पक्कं करायला घातलेली रसायनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यात झाडाची प्रथिनं असतात आणि 'लेटेक्सची ॲलर्जी' असते ती या प्रथिनांची. नायट्रिल हे कारखान्यात बनवलेलं रबर, त्यात ही प्रथिनं नसतात. पण दोन्ही रबरं नुसती ओतली तर चिकट आणि कच्ची राहतील. ती ताणली जावीत आणि पुन्हा मूळ आकारात यावीत म्हणून त्यांना गंधक देऊन तापवतात, आणि ते काम लवकर व्हावं म्हणून ॲक्सिलरेटर नावाची रसायनं घालतात. थायुरम, कार्बामेट, मर्कॅप्टो ही त्यांची कुळं. त्यांचा थोडा अंश मोज्यात उरतो आणि घामाबरोबर कातडीवर उतरतो. ज्याला या रसायनांची ॲलर्जी आहे, त्याने पिवळा सोडून निळा घेतला तरी फरक पडत नाही, कारण ॲक्सिलरेटर साध्या निळ्यातही असतातच.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते रबर नाहीच, त्यामुळे त्याला पक्कं करावं लागत नाही आणि ॲक्सिलरेटरही लागत नाहीत. मात्र मऊपणासाठी त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, आणि त्याच्या वेगळ्याच अडचणी आहेत. त्या पुढे येतील.

म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो: पुरळ कधी उठतं, कुठे उठतं आणि कसं दिसतं.

मोजा घातल्यावर पाच मिनिटांत ते तासाभराच्या आत खाज सुटली, पित्ताच्या गांधींसारखे फुगवटे उठले, सोबत शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तर ती लेटेक्सच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. या त्रासाच्या तीन प्रकारांत हीच खरी धोक्याची. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणं, घसा आवळणं, ओठ सुजणं, चक्कर येणं यांतलं काहीही झालं तर मोजे काढा, १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. 'थोडं थांबून बघू' ही वेळ नव्हे. अशा माणसाला केळं, पपई, किवी किंवा अव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते का, हेही विचारून बघावं. या फळांतली काही प्रथिनं लेटेक्सच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात, त्यामुळे दोन्हींचा त्रास एकाच माणसात आढळतो. फुगा फुगवताना ओठ सुजले होते का, दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर तोंडाभोवती खाज आली होती का, या आठवणीही उपयोगाच्या असतात.

आज मोजा वापरला आणि उद्या किंवा परवा पुरळ उठलं, खाजरं, लाल, कधी बारीक पाण्याच्या फोडांचं, आणि मोजा जिथे संपतो तिथेच रेघ मारल्यासारखं थांबलं, तर संशय ॲक्सिलरेटरवर. हा जीवघेणा प्रकार नाही, पण एकदा जडला की सहसा आयुष्यभर राहतो.

तिसरा प्रकार ॲलर्जीचा नाहीच आणि तो सर्वांत जास्त आढळतो. साबण, पाणी, भांड्यांचं लिक्विड, सॅनिटायझर आणि बंद मोज्यातला घाम यांनी कातडी सोलवटते. खाजेपेक्षा आग आणि भेगा जास्त. सुरुवात बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली होते, कारण साबण तिथे साचून राहतो. मुंबईत पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात हा त्रास वाढतो. तासभर रबरी मोज्यात राहिलेला हात बाहेर काढला की बोटांची टोकं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली असतात. म्हणजे हात कोरडा ठेवायला घातलेल्या मोज्यातच हात भिजत राहिला. म्हणूनच त्वचेच्या आजारांत 'ओलं काम' मोजताना मोजे घालून काढलेला वेळही त्यात धरतात.

गोंधळ होतो तो या तिघांतले दोन एकत्र आल्यावर. तसा एक मामला सविस्तर सांगतो.

पार्ल्यातल्या एका पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या ताई मालकिणीची चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या: 'लेटेक्स नको, नायट्रिलच द्या, चांगल्यातले.' हात पाहिला तर दोन्ही मनगटांवर लाल पट्टा, वरची कड सरळ, जणू बांगडीच्या मापाने आखलेली. तळहात बऱ्यापैकी साफ. पण डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांची टोकं कोरडी, जाड आणि चिरलेली. उजव्या हाताची बोटं ठीक होती.

"नायट्रिल आधी वापरलेत का, ताई?"

"दोन पाकिटं संपवली दादा. हे तिसरं."

"पुरळ कामाच्या वेळी उठतं?"

"तेच तर कळत नाही. रविवारी आमचं बंद असतं. आणि खाज रविवारीच जास्त. त्या दिवशी मोजे घातलेलेच नसतात, मग मोज्यांचा दोष कसा म्हणायचा?"

इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. शनिवारी दुपारी ऑर्डरी जास्त, मोजे तासन् तास हातात, घाम भरपूर. ॲक्सिलरेटरची ॲलर्जी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वर येते. म्हणजे शनिवारचा मोजा रविवारी खाजवतो आणि सुट्टीच्या दिवशी उठलेलं पुरळ मोज्याला निर्दोष ठरवतं. अशा वेळी कालचं आणि परवाचं काम आठवायचं, आजचं नाही.

मनगटाचा पट्टा मोज्याकडे बोट दाखवत होता. पण डाव्या हाताची तीन बोटं? मोज्याची ॲलर्जी डावा-उजवा भेद करत नाही. मी विचारलं, लसूण कोण सोलतं? त्याच सोलायच्या, आणि चटणीसाठी बारीक चिरायच्याही त्याच. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या तीन बोटांत पाकळी. लसणाच्या त्रासाची ही ओळखीची खूण आहे, डावखुऱ्या माणसात ती उजव्या हातावर दिसते. लसणात डायअलिल डायसल्फाइड नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो. त्याने ॲलर्जीही होते आणि कातडी नुसती जळतेही. वाईट भाग असा की तो बहुतेक प्रकारच्या हातमोज्यांतून आरपार जातो. म्हणजे लसणापासून वाचायला घातलेल्या मोज्याने ती बोटं वाचत नव्हती, आणि मनगटाला मात्र मोज्याची रसायनं मिळत होती.

मी त्यांना मोजे विकले नाहीत, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. या सगळ्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे 'पॅच टेस्ट करायची आहे, हातमोज्यांचा संशय आहे' असं स्पष्ट सांगावं, कारण नुसती खाज सांगितली तर मलम मिळतं आणि मूळ तसंच राहतं.

पॅच टेस्ट म्हणजे संशयित पदार्थांचे छोटे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात. सोमवारी लावले तर बुधवारी काढतात आणि एकदा बघतात, मग शुक्रवारच्या सुमारास पुन्हा बघतात. हे दुसऱ्यांदा बघणं टाळू नये. कित्येक ठिपके दोन दिवसांनी साफ असतात आणि चौथ्या दिवशी लाल होतात. या दिवसांत पाठ भिजवायची नाही आणि फार घाम येईल असं काम करायचं नाही, म्हणून मुंबईकराने शक्य असेल तर ही तपासणी मे महिन्यात न करता थंडीत करावी. पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगावं, त्यांनी निकाल दबू शकतो. जाताना वापरातला मोजा आणि त्याचं पाकीट पिशवीतून न्यावं.

ताईंच्या पाठीवर थायुरमची जागा लाल झाली आणि लसणाचीही. थायुरम आणि कार्बामेट एकाच गोतातले, त्यामुळे एक सोसत नसेल तर दुसरंही सहसा सोसत नाही, आणि नायट्रिलच्या मोज्यांत कार्बामेट सर्रास असतात. दोन पाकिटं का वाया गेली ते कळलं. लेटेक्सच्या प्रथिनांची ॲलर्जी त्यांना नव्हतीच.

एक सूचना इथेच करतो. हे प्रयोग घरी करू नका. कच्चा लसूण पट्टीखाली बांधून 'बघूया' म्हटलं तर ॲलर्जी नसलेल्याचीही कातडी भाजते, फोड येतात. आणि मोजा घातल्या घातल्या गांधी उठत असतील तर खात्री करायला पुन्हा तोच मोजा घालणं धोक्याचं आहे. त्या प्रकारासाठी पॅच टेस्ट नसतेच. रक्ताची तपासणी किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेली सुईच्या टोकाची चाचणी असते.

मग ताईंनी मोजे कोणते घ्यायचे? काम पाहून ठरवलं, कारण सगळ्या कामांना चालणारा एकच मोजा नसतो.

भांडी घासायला जाड पीव्हीसीचे, कोपराकडे जाणारे लांब मोजे आणि त्यांच्या आत पातळ सुती मोजे. पीव्हीसी असल्याने ॲक्सिलरेटर नाहीत, सुती मोजा घाम शोषतो. सुती मोजे दोन-तीन जोड ठेवायचे, ओले झाले की बदलायचे आणि रोज धुवायचे. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ मोज्यात राहायचं नाही. काढून हात कोरडे करायचे, पाच मिनिटं हवा लागू द्यायची. मोजे घालताना हातावर साबण किंवा ओल राहिलेली नसावी. आत अडकलेलं साबणाचं पाणी उघड्या हाताला लागलेल्यापेक्षा जास्त चावतं.

कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला मोजे मी सुचवलेच नाहीत. नीट धुतलेले हात पुरेसे असतात, आणि तव्याजवळ पातळ मोजा म्हणजे संकट. व्हिनाइल आणि पॉलिथिन उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. नायट्रिल तसं वितळत नाही, पण ज्योतीपुढे तेही टिकत नाही. पोळी उलटायची ती उलथन्याने किंवा चिमट्याने.

वाढायला आणि डबे भरायला पॉलिथिनचे सैल पारदर्शक मोजे, सँडविचवाल्यांकडे दिसतात ते. त्यांत रबराचं काहीच नसतं. पाचेक मिनिटांच्या कामाला उत्तम, पण चिरायच्या कामाला नाही, कारण सैल टोक सुरीखाली येतं.

इथे व्हिनाइलबद्दल. स्वस्त पडतात म्हणून खानावळी हेच जास्त घेतात. व्हिनाइलमधला प्लास्टिसायझर तेलातुपात उतरतो. काकडी किंवा पालेभाजी धरायला ते चालतील, पण तूप लावलेली पोळी, मोहन घातलेली कणीक, तेलाची फोडणी घातलेली चटणी व्हिनाइलच्या हाताने हाताळू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय व्हिनाइल ताण सोसत नाही, अंगठ्याच्या बेचक्यात आणि नखापाशी लवकर फाटतं, आणि बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. क्वचित काहींना व्हिनाइलमधल्या जंतुरोधकाचीही ॲलर्जी होते, तेव्हा 'व्हिनाइल म्हणजे निर्धोक' असंही समजू नये.

मिरच्या चिरायला आणि तेलकट काम करायला ताईंसाठी ॲक्सिलरेटर-फ्री नायट्रिल घेतले. हे साध्या नायट्रिलपेक्षा महाग असतात आणि प्रत्येक दुकानात नसतात. पाकिटावर 'ॲक्सिलरेटर-फ्री' असं छापलेलं असेल तेच घ्यायचे. 'हायपोॲलर्जेनिक', 'सेन्सिटिव्ह', 'पावडर-फ्री' या शब्दांवर विसंबू नये. पूर्वी लेटेक्सच्याच मोज्यांवर 'हायपोॲलर्जेनिक' छापायचे, कारण त्यांत ॲक्सिलरेटर कमी असत. प्रथिनांची ॲलर्जी असलेला माणूस ते निर्धास्त घालून फसायचा. अमेरिकेत १९९८ पासून लेटेक्सच्या वैद्यकीय वस्तूंवर तो शब्द छापायला बंदी आली. 'पावडर-फ्री'चा अर्थ मक्याच्या स्टार्चची पूड नाही, इतकाच. ती नसणं चांगलंच, कारण लेटेक्सची प्रथिनं पुडीला चिकटून हवेत उडतात आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही श्वासातून त्रास देतात. अमेरिकेने २०१७ साली पावडरचे वैद्यकीय मोजे याच कारणांनी बंद केले. पण पावडर नाही म्हणून ॲक्सिलरेटर नाहीत असं होत नाही.

लसूण दुसऱ्या ताईंकडे दिला. मोज्याने सुटणारा प्रश्नच नव्हता तो. घरी दुसरं कुणी नसेल तर पाकळी काट्याने दाबून धरावी, किंवा सोललेला लसूण मिक्सरला लावून चमच्याने काढावा. शिजलेल्या लसणाचा त्रास बऱ्याच जणांना कमी होतो, कारण उष्णतेने तो पदार्थ बराचसा निकामी होतो.

घरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ताईंची कढीपत्ता, मोगरा आणि तुळशीची बाग होती. बागेसाठी लोक सरसकट पातळ नायट्रिल घेतात, ते गुलाबाच्या पहिल्या काट्याला फाटतात. कुंड्या भरायला, छाटणीला विणलेल्या कापडाचे, तळव्यावर कोटिंग असलेले मोजे घ्यावेत. कोटिंग कशाचं ते मात्र बघायचं. नागदेवीला मिळणारे खरबरीत, नारिंगी-हिरवे स्वस्त मोजे बहुतेक लेटेक्सच्या कोटिंगचे असतात, काळे-राखाडी गुळगुळीत बहुधा नायट्रिलचे. रंगावरून खात्री होत नाही, पाकीट वाचावं. या मोज्यांची पाठ कापडी असल्याने हवा लागते आणि घाम कमी, त्यामुळे ॲक्सिलरेटरचा त्रासही तुलनेने कमी. थायुरम न सोसणाऱ्याने आत सुती मोजा घालावा, किंवा सरळ पीव्हीसी कोटिंगचे घ्यावेत.

कीटकनाशक फवारताना मात्र हेच कापडी मोजे सर्वांत वाईट. कापड औषध शोषून घेतं आणि तासभर कातडीला लावून धरतं. पातळ वापरून फेकायचे मोजेही नकोत. अस्तर नसलेले, लांब, जाड नायट्रिल घ्यावेत, जाडी ०.३८ मिलिमीटरच्या आसपास. साधा पातळ मोजा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, त्यावरून फरक लक्षात येईल. ग्रिलला टांगलेल्या कुंड्यांवर हात वर करून फवारायचं असेल तर मोज्याचं तोंड बाहेर दुमडून पन्हळ करावी, नाहीतर औषध ओघळत कोपरापर्यंत येतं. काम झालं की मोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवावेत आणि मग काढावेत. जिला थायुरम चालत नाही तिने फवारणीच घरातल्या दुसऱ्यावर सोपवलेली बरी, कारण या कामाला पातळ पर्याय शोधणं योग्य नाही.

गाजरगवताचा उल्लेख करायलाच हवा. सोसायटीच्या मागे, रेल्वेच्या कडेला ते उगवतं आणि उपटायला गेलेल्यांना मोज्यांवर संशय येतो. गाजरगवताचं पुरळ हातांपुरतं राहत नाही. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराचा खळगा इथे उठतं, कारण त्याची बारीक धूळ हवेतून बसते. चेहऱ्यावर पुरळ असेल आणि हात साफ असतील तर मोजे बदलून काही होणार नाही.

रसायनांचं म्हणाल तर घरात संडासाचं ॲसिड, ब्लीच, ड्रेन साफ करायचा कॉस्टिक सोडा आणि रंगाचा थिनर एवढंच बहुधा असतं. पहिल्या तिघांना जाड लेटेक्स, जाड नायट्रिल किंवा जाड पीव्हीसी, काहीही चालतं. ताईंना भांड्यांसाठी सुचवलेलेच पीव्हीसी संडासासाठी वेगळ्या रंगात घेतले, म्हणजे अदलाबदल होत नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नये, क्लोरीन वायू निघतो, आणि त्याला कुठलाही मोजा उपयोगाचा नाही.

थिनर आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन इथे लोक फसतात. 'नायट्रिल केमिकलला चांगलं' हे अर्धंच खरं. तेल, ग्रीस, पेट्रोल यांना नायट्रिल चांगलं, लेटेक्स यांत फुगून सैल होतं. पण ॲसिटोन पातळ नायट्रिलमधून काही मिनिटांत पार होतं, आणि थिनरमधलं टोल्यूइनही त्याला फार वेळ दाद देत नाही. पीव्हीसी तर या दोन्हींत टिकतच नाही. ॲसिटोनचं सतत काम असेल तर ब्यूटाइल रबराचे मोजे लागतात. घरगुती चार थेंबांच्या कामाला पातळ नायट्रिल घातले तर ते शिंतोडा उडाल्यास लगेच काढून फेकण्यापुरतेच आहेत असं समजावं. रसायन मोज्यातून पार होतं तेव्हा भोक पडत नाही, काही दिसत नाही. मोजा मऊ, चिकट किंवा सुरकुतलेला वाटला तर उशीर झालेला असतो. १९९६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे थेंब पडले. मोजा फाटला नव्हता. १९९७च्या जूनमध्ये त्या पाऱ्याच्या विषबाधेने गेल्या. घरात असलं रसायन नसतं, पण 'फाटला नाही म्हणजे वाचलो' हा समज किती चुकीचा आहे ते यावरून कळतं.

रसायनांसाठी मोजा घेताना पाकिटावर ईएन आयएसओ ३७४-१ हा मानकाचा क्रमांक आणि काचपात्राचं चिन्ह शोधा. त्याखाली सहसा अक्षरं असतात, प्रत्येक अक्षर एका रसायनाचं: बी म्हणजे ॲसिटोन, एफ म्हणजे टोल्यूइन, के म्हणजे कॉस्टिक सोडा, एल म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. तुमच्या रसायनाचं अक्षर नसेल तर त्या रसायनासाठी तो मोजा तपासलेला आहे असं धरू नका, रंग आणि किंमत काहीही असो. 'टाइप ए' म्हणजे सहा रसायनांना किमान तीस मिनिटं दाद न देणारा, 'टाइप बी' म्हणजे तिघांना, आणि 'टाइप सी' म्हणजे एका रसायनाला किमान दहा मिनिटं.

वापरण्यापूर्वी मोज्याचं तोंड पिळून आत हवा कोंडून बघा, बोटांपाशी फुस्स झालं तर टाकून द्या. आत रसायन शिरलेला मोजा न घातलेल्यापेक्षा वाईट, कारण तो ते कातडीला दाबून धरतो.

ताईंच्या मनगटाचा पट्टा मोजे बदलल्यावर काही आठवड्यांत गेला. बोटं मात्र लसूण थांबवल्यानंतरही बराच काळ चिरत राहिली. कातडीचा थर पुन्हा धरायला वेळ लागतो, आणि त्या काळात रात्री साधं पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घालून झोपायचं. लेटेक्सचे मोजे वापरणाऱ्याने तेलकट क्रीम किंवा जेली कामानंतर लावावी, आधी नाही, कारण तेलाने लेटेक्स कमकुवत होतं.

थायुरम हातमोज्यांपुरतं थांबत नाही. रबरी चप्पल, कपड्यांचं इलॅस्टिक, मास्कची दोरी यांतही ते असू शकतं, म्हणून पायाच्या पाठीवर किंवा कमरेभोवती तशीच रेघ उठली तर त्या वस्तूकडे बघायचं. डॉक्टरांनी दिलेला चाचणीचा कागद पाकिटात ठेवावा आणि दाताच्या डॉक्टरांना, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना दाखवावा. ज्याला लेटेक्सच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्याने तर हे तोंडाने सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं, कारण तिथे लेटेक्समुक्त सामान आधी मांडून ठेवावं लागतं.

दुकानात गेल्यावर 'ॲलर्जीचे मोजे द्या' असं मागू नका, दुकानदार हाती लागेल ते देतो. 'थायुरम आणि कार्बामेट नसलेले नायट्रिल' असं नाव घेऊन मागा, किंवा कंपनीकडून रसायनांची यादी मागवायला सांगा. चांगला पुरवठादार ती आणून देतो. ज्याला ती देता येत नाही, त्याच्याकडून भांड्यांचे मोजे खुशाल घ्या, पण चाचणीत लाल झालेल्या माणसासाठी घेऊ नका.